वीक सूर्य, फ्रेल पक्षी

भाची इंग्रजी घेऊन बी.ए. करते आहे. परीक्षेच्या तोंडावर ती आमच्याकडे राहायला आली होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. समोर टॉमस हार्डीची ‘द डार्कलिंग थ्रश’ आणि शेजारी गाईड. गाईडमध्ये कवितेचा ओळीओळीने सोपा अर्थ दिलेला असतो तसा तो होता. थ्रशच्या ओळीखाली लिहिलं होतं की पक्षी म्हातारा, वीक, बारीक आणि लहान होता. तिने वर पाहिलं. “मावशी, याचा अर्थ वीकच असेल तर हार्डीने फ्रेल का लिहिलं? दोन्ही एकाच सिलेबलचे शब्द आहेत. वृत्तात दोन्ही बसतात.” मी म्हटलं, दोन्ही घालून मोठ्याने वाच बरं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, मान तिरकी केली. “फरक जाणवतो गं. पण उत्तरपत्रिकेत लिहायचा कसा?”

चहा झाला, ती पुढच्या कवितेकडे वळली. मी मात्र भेंडी चिरता चिरता तिथेच अडकून बसले. जाणवतो पण लिहिता येत नाही, असा फरक नुसता जाणवून सोडून देणं मला जमत नाही. ‘फ्रेल जास्त काव्यमय आहे’ हे उत्तर तर मला अजिबात पटत नाही. कोणताही शब्द आपल्या अंगाने काव्यमय नसतो. ओळीत त्याच्या डावी-उजवीकडे कोण बसलंय, त्यावर ते ठरतं.

तर आधी ती ओळ. ‘ॲन एजिड थ्रश, फ्रेल, गॉन्ट, ॲन्ड स्मॉल’. कविता २९ डिसेंबर १९०० रोजी ‘द ग्राफिक’ या साप्ताहिकात आली, तेव्हा तिचं नाव होतं ‘बाय द सेंच्युरीज डेथबेड’, म्हणजे शतकाच्या मृत्युशय्येपाशी. हार्डी तेव्हा साठीचा. कवितेतला माणूस एका रानाच्या फाटकाला टेकून उभा आहे, थंडी भुतासारखी करडी झालीय, माणसं आपापल्या चुलीपाशी गेलीत, आणि समोरचा सगळा मुलूख त्याला गेलेल्या शतकाच्या प्रेतासारखा दिसतोय. अशात डोक्यावरच्या काटक्यांमधून एक आवाज उठतो. आपल्याकडच्या कस्तुराचा भाऊबंद, एक म्हातारा थ्रश, जीव ओतून गातो आहे.

आता भाचीचा प्रश्न जरा उलटा धरू. हार्डीला ‘वीक’ हा शब्द सुचला नसेल का? सुचला होता, कारण त्याच कवितेत तो आहे. पहिल्याच कडव्यात, चौथ्या ओळीत. ‘द वीकनिंग आय ऑफ डे’, दिवसाचा क्षीण होत चाललेला डोळा, म्हणजे हिवाळ्यातला मावळता सूर्य. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एकाच कवितेत, चार कडव्यांच्या आत, कवीने एक शब्द सूर्याला दिला आणि दुसरा पक्ष्याला. गाईडने दोघांना एकाच टोपलीत टाकलं. हार्डीने टाकलं नव्हतं.

सूर्याला ‘वीक’ का शोभतो ते बघा. सूर्याकडून एक काम अपेक्षित आहे, उजेड आणि ऊब देण्याचं. ते काम त्याला आता झेपत नाही. ‘वीक’ म्हटलं की मनात लगेच प्रश्न येतो, कशासाठी वीक? चालायला, उचलायला, पाहायला, उजेड द्यायला. या शब्दाच्या मागे कायम एखादं काम उभं असतं आणि माणूस किंवा वस्तू त्या कामाला पुरी पडत नाही. शिवाय हा शब्द उतरत जाऊ शकतो. इंग्रजीत ‘वीक’चं क्रियापद होतं, वीकन, हळूहळू शक्ती जात राहणं. ‘फ्रेल’चं असं क्रियापद भाषेत रुजलेलंच नाही. मावळत्या सूर्याला उताराचा शब्द हवा होता, तो मिळाला.

‘फ्रेल’ वेगळाच प्रश्न विचारायला लावतो. कशासाठी, हा नव्हे. हे कशाने मोडेल, हा. दोन्ही शब्दांच्या कुळाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. ‘फ्रेल’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ लॅटिनच्या ‘फ्राजिलिस’मध्ये आहे, मोडू शकणारं. ‘फ्रॅजाइल’ हा त्याचाच सख्खा भाऊ, जो इंग्रजीत उशिरा आला आणि काचसामानाच्या खोक्यांवर जाऊन बसला. ‘वीक’ उत्तरेकडचा, जुन्या नॉर्सचा, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे वाकणारं, दबणारं. एक दबतो, दुसरा तुटतो. अर्थात नुसत्या व्युत्पत्तीवर फार विसंबू नये. वाचणाऱ्याच्या कानात लॅटिन नसतं, बोलण्यात तो शब्द कुठे कुठे भेटलाय ते असतं. वीक चहा असतो, वीक डोळे असतात, एखादा मुलगा गणितात वीक असतो. फ्रेल चहा कुणी पीत नाही.

आपल्या, म्हणजे मराठी वाचणाऱ्यांच्या कानात तर ‘वीक’ची आणखी एक गंमत आहे. तो शब्द आता आपलाच झाला आहे. “फार विकनेस आलाय” हे वाक्य मी लहानपणापासून दवाखान्यातल्या बाकांवर ऐकत आले. तापातून उठलेली आत्या भिंतीला धरून चालायची आणि येणारा-जाणारा सांगायचा, विकनेस आहे, एक सलाईन लावून घ्या. मग ग्लुकोजचा डबा, टॉनिकची बाटली, खिमट. ‘विकनेस’ म्हटलं की त्यावर उपाय असतोच. काहीतरी कमी पडलंय, ते भरून काढलं की झालं. हार्डीच्या थ्रशला वीक म्हणून बघा, मला तर त्या फांदीशेजारी सलाईनची बाटली टांगलेली दिसायला लागते. पण त्याच घरात आजीची प्रकृती तोळामासा होती. तिला कुणी विकनेस आलाय असं म्हटल्याचं आठवत नाही. ती पहाटे उठून सडा घालायची, दुपारी पापड लाटायची, एकादशीला देवळात रात्र जागवायची. सगळी कामं व्हायची. फक्त ती खाली वाकली की बघणारा श्वास रोखून धरायचा. तिच्यात काही कमी होतं असं नाही, ती घडलीच होती तशी.

‘फ्रेल’ हे घडणीचं वर्णन आहे, शक्तीचा हिशेब त्यात नाही.

हे एकदा लक्षात आलं की पक्ष्याच्या पुढच्या दोन ओळी उघडतात. ‘हॅड चोझन दस टू फ्लिंग हिज सोल, अपॉन द ग्रोइंग ग्लूम’. वाढत्या अंधारावर आपला आत्मा भिरकावून द्यायचं त्याने ठरवलं होतं. दोन क्रियापदं आहेत आणि दोन्ही दणकट. ‘चोझन’, त्याने निवडलं. ‘फ्लिंग’, त्याने भिरकावलं. वीक पक्षी हे करू लागला तर ओळीत एक छुपा ‘तरीसुद्धा’ येतो, बिचारा इतका अशक्त, तरीसुद्धा गातोय. मग आपण त्याचं कौतुक करतो, जसं शर्यतीत शेवटी आलेल्या मुलाच्या पाठीवर थाप मारतो. फ्रेल पक्ष्याच्या बाबतीत ‘तरीसुद्धा’ लागत नाही. घडण हलकी असणं आणि आवाज भरलेला असणं यांत विरोध नाही. तिथे येतो तो धोका. इतक्या जोराने स्वतःला भिरकावलं तर हा मोडेल की काय, ही धास्ती. गाणं एकच, पण एका शब्दाने वाचणाऱ्याची जागा बदलते. ‘वीक’ वाचताना आपण वरून खाली बघत असतो, ‘फ्रेल’ वाचताना फाटकाला घट्ट धरून उभे असतो.

आवाजाकडे आता येते, कारण भाचीला फरक आधी कानाने कळला होता. ‘एजिड थ्रश, वीक, गॉन्ट’ असं म्हणून पाहा. ‘वीक’ संपतो ‘क’वर आणि लगेच ‘गॉन्ट’चा ‘ग’ येतो. क आणि ग दोन्ही घशाजवळ, एकाच जागी अडतात. जीभ तिथे ठेचकाळते. ‘फ्रेल’ संपतो ‘ल’वर, श्वास थांबत नाही, शब्द ओघळतो. त्याचा ‘ए’ हा लांब स्वर ‘एजिड’मधल्या ‘ए’ला जाऊन भेटतो, त्यामुळे म्हातारपण आणि मोडकेपण एका सुरात लागतात. आणि तो ‘ल’ पुढे ओळीच्या शेवटच्या ‘स्मॉल’मध्ये, मग ‘फ्लिंग’मध्ये आणि ‘सोल’मध्ये परत येतो. ‘स्मॉल’ आणि ‘सोल’ हे तर यमकाच्या जागांवर बसलेत, जरा तिरकं यमक आहे. लहान आणि आत्मा. शिवाय ‘फ्रेल’चा पहिला ‘फ’ ‘फ्लिंग’ला हाक मारतो, जे मोडू शकतं आणि जे भिरकावतं ते एकाच अक्षराने सुरू होतं. ‘वीक’ घातला तर हे सगळे धागे एकदम सुटतात.

सुटतात इतकंच नाही, नको तिथे जाऊन जुळतात. याच कडव्याच्या दुसऱ्या ओळीत काटक्या आहेत, ‘द ब्लीक ट्विग्ज ओव्हरहेड’. ब्लीक, उजाड. खाली तीन ओळींवर ‘वीक’ आला की तो थेट या ‘ब्लीक’शी यमक साधणार. पक्षी काटक्यांच्या जातीचा होऊन बसणार. आणि वरच्या कडव्यातला ‘व’चा घोळका आठवा, व्हेन, वॉज, विंटर्स, वीकनिंग, मग दुसऱ्या कडव्यातला वारा, विंड. हा हिवाळ्याचा आवाज आहे. ‘वीक’ म्हटलेला थ्रश सूर्याबरोबर, वाऱ्याबरोबर, काटक्यांबरोबर त्या मेलेल्या देखाव्यातलाच एक नग ठरला असता. कविता तर नेमकी याच्या उलट चाललेली आहे. दुसऱ्या कडव्याच्या अखेरीस कवी म्हणतो की पृथ्वीवरचा प्रत्येक जीव माझ्याइतकाच निरुत्साही वाटत होता, आणि पुढच्याच शब्दांत, ‘ॲट वन्स’, एकदम, त्याला अपवाद उगवतो. अपवादाला वेगळा शब्द हवा.

अजून एक बारीक गोष्ट. पहिल्या कडव्यात वेलींच्या गुंतलेल्या काड्या आकाशावर ओरखडल्यासारख्या दिसतात, ‘लाइक स्ट्रिंग्ज ऑफ ब्रोकन लायर्स’, तुटक्या वीणांच्या तारांसारख्या. म्हणजे गाण्याचं वाद्य कवितेत आधीच मोडून पडलेलं आहे. मग येतो तो पक्षी, जो मोडू शकतो पण अजून मोडलेला नाही. ‘ब्रोकन’ आणि ‘फ्रेल’ यांच्यात एवढंच अंतर आहे, आणि सगळी कविता त्या अंतरात घडते. ‘वीक’ला त्या तुटक्या तारांचं काहीच देणंघेणं नाही.

हार्डीच्या कानात हे शब्द कुठून आले असतील याचा विचार केला की मला चर्च दिसतं. त्याचे वडील आणि आजोबा स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये तंतुवाद्यं वाजवणारे, तो स्वतः फिडल वाजवायचा. पुढे श्रद्धा गेली, पण बायबलची भाषा गेली नाही. थ्रशच्या गाण्याला तो ‘ईव्हनसाँग’ म्हणतो, चर्चमधली सायंप्रार्थना. आणि १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये या दोन शब्दांची वाटणी अगदी ठळक आहे. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात येशूने पहाऱ्याला बसवलेले शिष्य झोपी जातात तेव्हा तो म्हणतो, आत्मा उत्सुक आहे पण देह ‘वीक’ आहे. जागं राहण्याचं काम होतं, देहाला ते झेपलं नाही. उलट एकोणचाळिसाव्या स्तोत्रात भक्त मागतो की माझा अंत, माझ्या दिवसांचं माप मला कळू दे, म्हणजे मी किती ‘फ्रेल’ आहे ते मला कळेल. इथे कुठलं काम नाही, इथे आयुष्याची लांबी आहे. चर्चच्या प्रार्थनापुस्तकात हेच स्तोत्र दुसऱ्या, जुन्या भाषांतरात आहे, आणि तिथे ‘किती फ्रेल’च्या जागी चक्क ‘अजून किती जगायचं आहे’ असं म्हटलंय. एकाने ‘फ्रेल’ म्हटलं तिथे दुसऱ्याने उरलेला काळ म्हटला. शतकाच्या अखेरच्या संध्याकाळी गाणाऱ्या म्हाताऱ्या पक्ष्याला यातला कोणता शब्द हवा होता हे वेगळं सांगायला नको.

तरी ‘फ्रेल’ हा काही बिनधोक शब्द नाही, हेही भाचीला सांगायला हवं. व्हिक्टोरियन काळात तो फार हाताळला गेला. फ्रेल फूल, फ्रेल बाळ, फ्रेल हात. बायकांना तर तो सर्रास लावला जायचा, आणि ‘वाकडं पाऊल पडलेल्या’ बायकांसाठी सभ्य आडपडदा म्हणूनही वापरायचे. इतका गोड आणि मेणचट झालेला शब्द एकटा सोडला तर ओळ रुमालाकडे हात नेते. हार्डी तो एकटा सोडत नाही. लगोलग ‘गॉन्ट’ येतो. हाडं वर आलेला, खप्पड, अजिबात गोड नसलेला शब्द. आणि खालच्या ओळीत ‘ब्लास्ट-बेरफल्ड प्लूम’, वाऱ्याने पिसं विस्कटलेली, जवळजवळ विनोदी दिसणारं ध्यान. ‘फ्रेल’ने जी माया जागवली तिला ‘गॉन्ट’ने लगाम घातला. इथे मात्र ‘गॉन्ट’ हा ‘वीक’च्या शेजारी बसला असता तर दोन्ही मिळून नुसती दुखण्याची यादी झाली असती, केसपेपरवर असते तशी. आणि एक, हा थ्रश ‘तो’ आहे. गाणारे थ्रश बहुतेक नरच असतात, ते निरीक्षण म्हणूनही बरोबर आहे, पण बायकांना चिकटवलेला शब्द उचलून हार्डीने एका खप्पड म्हाताऱ्या नराला दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आघातांचंही थोडं बघू, फार खोलात न जाता. ही चार आघातांची ओळ आहे, एक हलकं एक जड अशा चालीची. पण ‘थ्रश, फ्रेल, गॉन्ट’ हे तीन जड शब्द लागोपाठ येतात, मध्ये स्वल्पविराम. चाल तिथे अडखळते, तीनदा थांबते, आणि मगच ‘ॲन्ड स्मॉल’ने सुटते. पुढची ओळ मोकळी धावते. पक्ष्याकडे नजर टाकून एकेक गोष्ट टिपत जावी तशी ही ओळ थांबत थांबत पाहते. यात ‘वीक’ घातला तरी आघात तेच राहतात, त्यामुळे वृत्ताच्या आधारे या शब्दाचं समर्थन करू नये. बरेच विद्यार्थी ‘वृत्तासाठी कवीने अमुक शब्द वापरला’ असं लिहून मोकळे होतात. दोन्ही शब्द वृत्तात बसत असतील तर वृत्ताने निवड केलेली नाही, मग कारण दुसरीकडे शोधायचं.

हाच प्रयोग दुसऱ्या एका कवितेवर करून पाहिला तर शब्दाची आणखी एक बाजू दिसते. डिलन टॉमसची ‘डू नॉट गो जेंटल इन्टू दॅट गुड नाइट’, १९५१ साली छापलेली, वडिलांच्या उताराच्या दिवसांत लिहिलेली. तिच्या तिसऱ्या कडव्यात भली माणसं शेवटची लाट निघून जाताना आक्रंदतात की आपली ‘फ्रेल डीड्स’, आपली कृत्यं, एखाद्या हिरव्या खाडीत किती लखलखत नाचली असती. आता ‘वीक डीड्स’ म्हणा. ‘वीक’ आणि ‘डीड्स’ दोन्हींत तोच ‘ई’, आवाज चिरका आणि आखडलेला होतो. ‘फ्रेल’चा ‘ए’ मात्र वरच्या ‘वेव्ह’ला आणि ओळीच्या शेवटच्या ‘बे’ला जाऊन मिळतो, लाट, कृत्य आणि खाडी एका स्वरात येतात. पण त्याहून मोठा फरक न्यायाचा आहे. वीक कृत्यं म्हटलं की दोष त्या माणसांचा. त्यांनी पुरेसं केलं नाही, जोर कमी पडला, आणि मग ती कुठल्याही खाडीत नाचली नसतीच, कवीची ओळच खोटी पडते. फ्रेल कृत्यं म्हटलं की दोष निम्मा बाहेर जातो. हलकी होड्यांसारखी कृत्यं, नीट बांधलेली, शांत पाण्यात सुंदर चालली असती. खाडी मिळाली नाही, उघडा समुद्र मिळाला. ‘वीक’ कारण आत शोधतो. ‘फ्रेल’ म्हटलं की वारा, लाट, थंडी यांचाही हिशेब मांडावा लागतो. म्हणूनच हार्डीच्या ओळीला लागून ‘ब्लास्ट’ आहे आणि टॉमसच्या ओळीवर ‘वेव्ह’. दोघांनीही हा शब्द वापरताना त्याच्या शेजारी, ज्याने मोडायचं तेही आणून ठेवलं.

रात्री भाचीने विचारलं, थोडक्यात सांग ना, दोन मार्कांपुरतं. मी म्हटलं, सूर्याची ओळ आणि पक्ष्याची ओळ एकाखाली एक लिही आणि शब्दांची अदलाबदल कर. फ्रेल सूर्य, वीक थ्रश. सूर्याबद्दल विनाकारण जीव तुटायला लागतो आणि थ्रश डॉक्टरकडे न्यायचा होतो. ती हसली, पेन उचललं आणि म्हणाली, हे असंच लिहिलं तर पेपर तपासणारे मार्क कापतील. कापतीलही. पण मी म्हटलं, निदान ‘ब्लीक’चं यमक तरी लिहीच, ते कुणाला खोडता येणार नाही.